किटलीतला पांढरा थर: तो का बसतो, आणि तो काढायला लिंबूसत्त्व किती व कसं वापरायचं

किटलीच्या तळाशी बसणारा पांढरा, खरखरीत थर म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. खडू, चुनखडी आणि संगमरवर याच पदार्थाचे असतात. त्याच्या जोडीला थोडी मॅग्नेशियमची संयुगंही असतात. साध्या पाण्यात हा पदार्थ जवळजवळ विरघळतच नाही. लिटरभर शुद्ध पाण्यात जेमतेम १४-१५ मिलिग्रॅम विरघळतो. तरीही जड पाण्याच्या एका लिटरमध्ये याच्या वीसपट कॅल्शियम कार्बोनेट तयार होईल एवढा माल बिनबोभाट विरघळलेला असू शकतो, आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. हे कसं जमतं ते कळलं की थर का बसतो, आम्लाने का निघतो आणि कधी निघत नाही, हे तिन्ही प्रश्न सुटतात.

समतोल एका ग्लासात पाहा

थोडा चुना पाण्यात ढवळून निवळू द्या आणि वरचं स्वच्छ पाणी हलकेच काढून घ्या. ही चुन्याची निवळी. ती डोळ्यांत उडू देऊ नका. पाव ग्लास निवळीत साधं सोडा वॉटर थेंबाथेंबाने घाला. निवळी आधी दुधाळ होते. हा साका म्हणजे ताजं कॅल्शियम कार्बोनेट. सोडा वॉटर घालत राहिलात, तर ग्लास भरत येईतो दुधाळपणा कमी होतो आणि पाणी पुन्हा स्वच्छ होतं. आता तेच पाणी एका भांड्यात उकळा. ते परत गढूळ होतं.

या तीन पायऱ्यांत घडतं ते असं:

Ca²⁺ + 2HCO₃⁻ ⇌ CaCO₃ + CO₂ + H₂O

डावीकडे आहेत पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, तर उजवीकडे घन थर, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. मधला दुहेरी बाण सांगतो की अभिक्रिया दोन्ही दिशांनी सतत चालू असते. दोन्ही दिशांचा वेग सारखा झाला की बाहेरून काहीच बदलताना दिसत नाही. याला समतोल म्हणतात. हा समतोल बिघडवला, तर तो बिघाड कमी होईल त्या बाजूला अभिक्रिया सरकते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये हा नियम मांडला. सोडा वॉटरने कार्बन डायऑक्साइड वाढवला, म्हणून अभिक्रिया डावीकडे गेली आणि साका विरघळला. उकळल्यावर तोच वायू निघून गेला, म्हणून ती उजवीकडे गेली आणि साका परत आला.

भूजलाचा प्रवासही असाच आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, त्याच्या बळावर चुनखडक विरघळवतं आणि नळापर्यंत येतं. किटलीत पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम होतात. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शिवाय कॅल्शियम कार्बोनेट स्वतःही साखरेच्या उलट वागतं, म्हणजे पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. पाणी सगळ्यात गरम असतं ते तापणाऱ्या पृष्ठभागाला चिकटून, म्हणून थर नेमका तिथेच धरतो. एकदा खरखरीतपणा आला की नवे स्फटिक जुन्यांवर सहज वाढतात. म्हणूनच पूर्ण स्वच्छ केलेली किटली काही दिवस तशीच राहते आणि अर्धवट साफ केलेली लगेच पांढरी होते.

वायू जाऊन थर बसतो, मग वायू जाऊनच तो निघतो कसा?

थरावर लिंबूसत्त्वाचं पाणी ओतलं की फेस येतो. हा फेस कार्बन डायऑक्साइडचाच. इथे पुष्कळजण गोंधळतात: वायू निघून गेल्याने थर बसत असेल, तर आता वायू निघून जात असताना तो विरघळतोय कसा?

उत्तर कार्बोनेटमध्ये आहे. थर टिकून राहायला कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही लागतात. उकळताना दोन बायकार्बोनेटपैकी एक आपला हायड्रोजन दुसऱ्याला देतो. ज्याला तो मिळतो त्याचा वायू होऊन उडतो, आणि ज्याने दिला तो कार्बोनेट होऊन कॅल्शियमला चिकटतो. म्हणजे एक गेला, एक राहिला. आम्ल घातल्यावर मात्र हायड्रोजन बाहेरून येतो आणि भरपूर येतो. मग मागे कुणी राहायची गरजच उरत नाही. थरातून सुटलेल्या प्रत्येक कार्बोनेटला दोन हायड्रोजन मिळतात आणि तो पाणी व वायू होऊन संपतो. पाण्यातलं कार्बोनेट असं सतत संपत राहिलं की ती तूट भरून काढायला थरातून आणखी सुटत राहतं, आणि वायू हवेत निघून गेल्यामुळे परतीची वाटही बंद होते. मागे उरलेलं कॅल्शियम आम्लाच्या उरलेल्या भागासोबत पाण्यात राहतं. व्हिनेगरमध्ये ते कॅल्शियम अॅसिटेट होतं, लिंबूसत्त्वात कॅल्शियम सायट्रेट. या दोघांतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

आम्ल किती लागेल ते आधी मोजा

अंदाजपंचे दोन चमचे टाकण्यापेक्षा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. किटली नवी असताना किंवा पूर्ण स्वच्छ केल्यावर आतून-बाहेरून कोरडी करून, झाकणासकट पण खालच्या विजेच्या बैठकीशिवाय तोला आणि आकडा कुठेतरी लिहून ठेवा. पुढे कधीही तोललीत की वाढलेलं वजन म्हणजे थर.

समजा कोऱ्या किटलीचं वजन ८०१ ग्रॅम होतं आणि आज ते ८१२ ग्रॅम भरतं. म्हणजे थर ११ ग्रॅम. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट संपवायला हिशेबाने १४० ग्रॅम लिंबूसत्त्व लागतं. इथे धरलंय ते नेहमीचं, स्फटिकात पाणी असलेलं सायट्रिक आम्ल. पाकिटावर निर्जल असं लिहिलं असेल तर १२८ ग्रॅम पुरतं. आपल्या ११ ग्रॅमसाठी आकडा येतो साधारण १५ ग्रॅम.

मात्र एवढंच घातलं तर काम अर्ध्यातच रेंगाळेल. सायट्रिक आम्लाकडे देण्याजोगे तीन हायड्रोजन असतात आणि ते एकामागून एक सुटतात. पहिला सहज सुटतो, दुसरा थोड्या ओढीने, तिसरा इतक्या अनिच्छेने की तेवढ्यावर थर विरघळायला तासन् तास लागतात. म्हणून हिशेबाच्या दुप्पट ते अडीचपट आम्ल घ्यावं. आपल्या उदाहरणात ते साधारण ३० ते ४० ग्रॅम होतं. हे सगळं एकदम घालायचं नाही, दोन वेळा विभागून घालायचं. त्याचं कारण पुढे येईल.

व्हिनेगर घेणार असाल तर ११ ग्रॅम थराला हिशेबाने १३ ग्रॅम अॅसेटिक आम्ल लागतं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर हे झालं सुमारे २६५ मिलिलिटर, आणि दुप्पट धरलं तर अर्ध्या लिटरच्या किंचित वर. ‘पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून उकळा’ हा सल्ला का फसतो ते या आकड्यावरून दिसेल. दोन मोठ्या चमच्यांत, म्हणजे ३० मिलिलिटरमध्ये, दीड ग्रॅम आम्ल असतं. ते सव्वा ग्रॅम थर काढून थांबतं.

प्रत्यक्ष काम

१. भांडं कशाचं आहे ते पाहा. स्टेनलेस स्टील, काच आणि प्लास्टिक चालतं. अॅल्युमिनियमच्या भांड्यात आम्ल घालू नका, धातूच खाल्ला जातो. इनॅमलचं भांडं टवका उडालेलं असेल तर तेही टाळा.

२. किटलीत अर्धा लिटर पाणी उकळा, प्लग काढा आणि अर्धा लिटर थंड पाणी मिसळा. तापमान साधारण ६० अंशांच्या आसपास येतं, आणि तेवढंच हवं आहे. पाणी थराच्या वरच्या रेषेपर्यंत पोचलं पाहिजे. थर वरपर्यंत असेल तर पाणी आणि आम्ल दोन्ही त्याच प्रमाणात वाढवा, पण किटली काठोकाठ भरू नका.

३. २० ग्रॅम लिंबूसत्त्व चमच्याचमच्याने घाला. ११ ग्रॅम थरातून अडीच लिटरहून जास्त वायू निघतो. सगळी पूड एकदम टाकलीत तर फेस तोटीतून बाहेर येतो आणि किटलीखालच्या विजेच्या जोडणीवर सांडतो. झाकण उघडंच ठेवा. वायूला बाहेर पडायला वाट हवी.

४. वीस ते तीस मिनिटं ठेवा. मधूनमधून लाकडी चमच्याने ढवळा, कारण थराला लागून असलेलं आम्ल आधी संपतं आणि ताजं आम्ल तिथवर पोचायला वेळ लागतो.

५. पाणी ओतून द्या, मऊ स्पंजने तळ पुसा आणि पुन्हा लिटरभर कोमट पाणी व १५ ते २० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तेवढाच वेळ ठेवा. तारेची घासणी लावू नका. तिने पडलेले ओरखडे नव्या स्फटिकांना धरायला जागा देतात.

६. दोनदा थंड पाण्याने खळबळा, एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या, किटली कोरडी करा आणि तोला. आकडा ८०१ किंवा ८०२ आला की काम झालं.

फेस थांबला म्हणजे काय समजायचं

फेस दोन कारणांनी थांबतो: थर संपला म्हणून, किंवा आम्ल संपलं म्हणून. दोन्ही वेळा पाणी सारखंच शांत दिसतं. फरक ओळखायला किटलीतलं चमचाभर पाणी वाटीत घ्या आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. जोरात फसफसलं तर आम्ल शिल्लक आहे, नुसतेच चार बुडबुडे आले तर ते जवळपास संपलं आहे आणि नवं पाणी घ्यायला हवं.

आम्ल शिल्लक असूनही थर जागच्या जागी बसलेला आणि शांत असेल, तर तो कार्बोनेटचा नाही. काही पाण्यात कॅल्शियम सल्फेट किंवा सिलिका जास्त असते. सल्फेटमुळे आलेला जडपणा उकळून जात नाही, कारण त्यात उडून जाणारा वायूच नाही. तसं पाणी आटतं तिथे कठीण, काचेसारखा थर राहतो आणि आम्लाला दाद देत नाही. अशा थरावर आम्ल वाढवत नेण्यात अर्थ नाही. तो किटलीतच राहू द्यावा किंवा किटली बदलावी.

सोड्यावरून आणखी एक. आम्ल आणि सोडा एकत्र घालून थर काढायची पद्धत ठिकठिकाणी सांगितली जाते. फेस भरपूर येतो, पण तो सोड्याने खाल्लेल्या आम्लाचा असतो. थरासाठी काहीच उरत नाही. सोड्याची चिमूट वाटीतच ठेवा, किटलीत नको.

लिंबूसत्त्व उकळू नका

सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी चूक हीच. कॅल्शियम अॅसिटेट पाण्यात मजेत विरघळतं. कॅल्शियम सायट्रेट मात्र लिटरभर पाण्यात ग्रॅमभरसुद्धा विरघळत नाही, आणि तेही कार्बोनेटसारखंच गरम पाण्यात आणखी कमी. आपल्या ११ ग्रॅम थरातलं सगळं कॅल्शियम सायट्रेट झालं तर त्याचं वजन २० ग्रॅमच्या वर जातं. मग ते काही काळ तरी विरघळलेलं राहतं कसं? एक तर जास्तीचं आम्ल असतं तोवर सायट्रेट अर्धवट हायड्रोजन धरून असतं आणि ते रूप पाण्यात सहज राहतं. दुसरं म्हणजे सायट्रेटचे स्फटिक बनायला वेळ घेतात. आम्ल कमी पडलं, द्रावण उकळलं किंवा रात्रभर तसंच राहिलं की दोन्ही आधार जातात आणि पांढरी, रवाळ पूड खाली बसते.

ही पूड थरासारखीच दिसते, त्यामुळे माणूस ‘अजून निघालं नाही’ म्हणून पुन्हा उकळतो आणि आणखी पूड बसवतो. ती ओळखायची खूण अशी: बोटाने पुसली जाते आणि ताज्या आम्लात फेस देत नाही. उपायही सोपा आहे. उकळू नका. थंड पाण्यात भरपूर लिंबूसत्त्व घेऊन, किंवा व्हिनेगर ओतून, पंधरा मिनिटं ठेवा आणि स्पंजने पुसून भरपूर थंड पाण्याने खळबळा. वर दोन वेळा थोडं थोडं आम्ल घ्यायला सांगितलं ते याचसाठी. पहिल्या पाण्यासोबत बरंचसं कॅल्शियम किटलीबाहेर निघून जातं.

म्हणून आमची निवड अशी: थर पाच-सहा ग्रॅमपर्यंत असेल तर लिंबूसत्त्व उत्तम. वास नाही, मोजायला सोपं, एका पाण्यात काम होतं. थर जाड असेल आणि दोन-तीनदा पाणी बदलायची तयारी नसेल तर व्हिनेगर बरं. त्याला निम्मं पाणी मिसळून तासभर ठेवा. फक्त तेही उकळू नका, कारण अॅसेटिक आम्ल वाफेबरोबर उडतं, डोळ्यांना झोंबतं आणि किटलीत कमी उरतं. तीव्र अॅसेटिक आम्ल किंवा फरशी साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्ल किटलीत कधीच नको. हायड्रोक्लोरिकमधलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही टोचून बारीक खड्डे पाडतं. आणि कुठलंही आम्ल क्लोरीनयुक्त ब्लीचजवळ नेऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

नळाची जाळी आणि शॉवर

इथे थर उकळण्याने नव्हे, तर पाणी हवेत फवारलं गेल्याने आणि मागे राहिलेले थेंब सुकल्याने बसतो. समतोल तोच आहे, फक्त वायू थंडपणे निघून जातो. जाळी आणि शॉवरचं तोंड फिरवून काढा, रबरी वायसर वेगळे ठेवा आणि लिटरला ४० ग्रॅम लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवा. क्रोमचा मुलामा असेल तर अर्ध्या तासावर ठेवू नका. मुलामा कुठे उडालेला असेल तर त्याहून कमी ठेवा, कारण आम्ल खालच्या पितळेपर्यंत पोचतं. शॉवर निघत नसेल तर द्रावणाची पिशवी त्याच्या तोंडाला बांधतात. ती सैल बांधा. घट्ट बांधलेल्या पिशवीत वायू कोंडतो आणि पिशवी निसटते.

पाइपात आम्ल ओतण्याआधी

मिश्रण नळाचा गरम आणि थंड प्रवाह वेगवेगळा सोडून पाहा. दोन्ही मंद असतील तर दोष बहुधा नळाच्या जाळीत. फक्त गरम मंद असेल तर थर गीझरमध्ये किंवा गरम पाण्याच्या नळीत असण्याची शक्यता मोठी. थंड पाण्याच्या पाइपात हा थर त्या मानाने फारच कमी बसतो.

आता आकडे पाहा. आतून १३ मिलिमीटर रुंद पाइपात चहूबाजूंनी फक्त एक मिलिमीटर घट्ट थर असेल, तर एका मीटरमागे तो सुमारे १०० ग्रॅम भरतो. दहा मीटरला एक किलो. त्याला हिशेबानेच १.४ किलो लिंबूसत्त्व लागेल आणि सुमारे २४० लिटर वायू निघेल. बंद पाइपात एवढा वायू जाईल कुठे? शिवाय जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी पाइपात आम्ल थराबरोबर जस्तही खातं, आणि जुन्या शिशाच्या पाइपात तर हाच थर शिसं पाण्यात उतरू देत नाही. थर अगदीच नसणं नेहमी हिताचं नसतं, पातळ थर धातूला राखतो. पाणी थर बसवेल की विरघळवेल हे सांगणारा निर्देशांक अमेरिकी अभियंते लँगलिअर यांनी १९३६ मध्ये मांडला, तो पाण्याच्या नळजाळ्यांची गंज रोखण्याच्या याच कामासाठी.

म्हणून घरच्या पाइपात नुसतं आम्ल ओतू नये. टाकी नसलेल्या गीझरला दोन्ही बाजूंना बंद करायच्या चाव्या आणि धुण्यासाठीची तोंडं असतील, तर जाणकार माणूस वीज किंवा गॅस बंद करून बादली आणि लहान पंपाने आम्लाचं पाणी फिरवतो. बादली उघडी असल्याने वायू तिथून निघून जातो, आणि बादलीतल्या पाण्यावर तीच सोड्याची परीक्षा करून आम्ल उरलंय का ते कळतं. अशी तोंडं नसतील तर थर भरलेला गरम पाण्याचा तुकडा बदलणंच सोपं पडतं.

टाकीच्या गीझरमध्ये तापमानाचा खटकाही पाहून घ्या. ६० अंशांच्या वर थर झपाट्याने वाढतो, त्यामुळे खटका ७५ वर ठेवण्यात काही फायदा नाही. साठवलेलं पाणी मात्र ६० च्या खालीही नको, कारण कोमट साठ्यात लेजिओनेला जातीचे जीवाणू वाढतात.